गेट टुगेदरमधलं पाच मिनिटांचं भाषण: हसू आणि हळवेपणा एकाच आठवणीतून

प्रश्न: आमच्या शाळेच्या बॅचचं 25 वर्षांनी गेट टुगेदर आहे आणि मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. लोक हसले पाहिजेत आणि थोडं मनालाही लागलं पाहिजे असं सगळ्यांचं म्हणणं. मला जोक सांगता येत नाहीत, आणि भावुक झालो की माझा आवाजच जातो. काय बोलू, कसं लिहू?

उत्तर:

मी बरीच वर्षं सूत्रसंचालन करतोय आणि लोकांना अशी छोटी भाषणं लिहायला मदतही करतो, त्यात शाळेच्या गेट टुगेदरची भाषणं मला सगळ्यात जास्त आवडतात. कारण इथे समोर बसलेला प्रत्येक माणूस तुमच्या गोष्टीत कुठेतरी असतो, असा श्रोता दुसरीकडे मिळत नाही.

आधी मापाचं बोलू. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांत साडेपाचशे-सहाशे. पण गेट टुगेदरमध्ये लोक हसणार, मागून कोणीतरी "अरे तो मी नव्हतो रे" म्हणून ओरडणार, टाळ्या पडणार, आणि तुम्हाला प्रत्येक वेळी थांबावं लागणार. म्हणून लिहायचे चारशे शब्द, त्याच्यावर नाही. चारशे शब्दांत एकच प्रसंग नीट बसतो. बहुतेकांचं इथेच फसतं, ते दहा आठवणींची यादी करतात, सहलीची बस, तुटलेली खिडकी, पीटीचे सर, कॉपीची चिठ्ठी, आणि प्रत्येकीला दोन वाक्यं देतात. मग होतं काय, प्रत्येक आठवणीला चार-पाच जण हसतात, ज्यांना ती माहीत आहे तेवढेच, आणि कुठलीच आठवण आत उतरायच्या आधी पुढची सुरू होते. आठवणी कमी पडण्याचा प्रश्न तसाही नसतो, माणसाला पुढच्या आयुष्यात साधारण वय वर्षं 10 ते 30 या काळातलं जास्त आठवतं हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आलंय. त्यामुळे साठा भरपूर आहे, खरी मेहनत नऊ आठवणी सोडून देण्यात आहे.

आता जोकचं. तुम्हाला जोक सांगता येत नाहीत ही काळजी सोडूनच द्या. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते, त्यांनी लोक खऱ्या गप्पांमध्ये नेमके कशावर हसतात ते जाऊन ऐकलं, नोंदवलं. हसण्याच्या आधीची वाक्यं तपासली तर त्यातली जेमतेम 10 ते 20 टक्केच विनोदी म्हणण्यासारखी होती, बाकी सगळी अगदी साधी वाक्यं, "चल निघतो मी" छापाची. हसू येतं ते सोबत असण्यातून. गेट टुगेदरमध्ये तर हे शंभर टक्के लागू पडतं, तिथे लोक हसतात ते ओळख पटल्यावर. तुम्ही नुसतं "डाव्या बाजूचा तिसरा पंखा" एवढं म्हणालात आणि तो पंखा खडखडायचा हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर अर्धा हॉल तिथेच हसतो, वाक्य पूर्णसुद्धा करावं लागत नाही. याउलट व्हॉट्सॲपवरचा शाळेचा जोक टाकला की लोक सौजन्यापुरतं हसतात आणि जमवलेली ऊब जाते, कारण तो जोक कुठल्याही बॅचचा आहे, तुमचा नाही.

तर प्रसंग निवडायचा कसा. मी तीन गोष्टी बघतो. एक, तो वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी पाहिलेला किंवा निदान ऐकलेला हवा, चार मित्रांच्या कट्ट्यावरचा नको. दोन, त्यात एखादी ठोस गोष्ट हवी, एखादं वाक्य, आवाज, वस्तू, जी म्हटल्याबरोबर चित्र उभं राहील. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, त्या प्रसंगाला एक दुसरी बाजू हवी जी तेव्हा बहुतेकांना दिसली नव्हती आणि आज मोठेपणी दिसते. हसू पहिल्या बाजूतून येतं आणि हळवेपणा दुसऱ्या. लोक भाषणाचे दोन भाग करतात, आधी गमतीजमती आणि मग "पण मित्रांनो..." म्हणून आवाज खाली आणून भावनिक भाग, आणि त्या "पण मित्रांनो" ला ऐकणाऱ्याला लगेच कळतं की आता आपल्याला रडवायचं ठरलंय, मग तो आतून दार लावून बसतो. एकाच प्रसंगातून दोन्ही आलं तर असं होत नाही, कारण तो अजून हसतच असतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो म्हणजे हे नीट कळेल. एका ताईंना मी अशा भाषणात मदत केली होती, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा काढून सांगतोय. त्यांचा पहिला मसुदा म्हणजे आठवणींची यादीच होती. त्यात एका ओळीत गॅदरिंगच्या नाटकाचा उल्लेख होता, राजाचं नाटक, त्यात दूत धावत येऊन म्हणतो "महाराज, घात झाला!" झालं असं की विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलेल्या शिक्षिका बाईंचा आवाज इतका मोठा की "महाराज, घात झाला" हे आधी विंगेतून शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, ते ऐकून राजा सिंहासनावरून उठून "काय सांगतोस!" म्हणून मोकळा झाला, आणि दूत बिचारा अजून तोंडच उघडत होता. त्यानंतर दोन वर्षं वर्गात कुठलाही पेपर हातात आला की मागच्या बाकावरून बाईंच्या आवाजात "महाराज, घात झाला" यायचं.

मी म्हटलं बाकी सगळं काढा, हेच ठेवा. सगळ्यांनी पाहिलेलं आहे, वाक्य तयार आहे, पहिली बाजू तर हसायचीच आहे. आता दुसरी बाजू आहे का ते शोधा, आणि ती शोधायचा एकच मार्ग, फोन. त्या प्रसंगात जे जे होते त्यातल्या चार-पाच जणांना फोन करा आणि "तुला ते आठवतं का" असं न विचारता "तू तेव्हा कुठे उभा होतास" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक "हो हो, काय मजा होती" एवढंच म्हणतात, दुसऱ्याला मात्र त्यांना जागा आठवते आणि जागेबरोबर बारीकसारीक गोष्टी येतात.

त्यांनी पाच फोन केले. गंमत म्हणजे राजाचा मुकुट पडला होता की नाही यावर एकमत होईना, तीन जण म्हणाले पडला, दोघं शपथेवर म्हणाले नाही. हे होणारच. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1932 सालीच दाखवून दिलंय की आपण आठवण जशीच्या तशी बाहेर काढत नाही, प्रत्येक वेळी नव्याने रचतो, आणि रचताना ती आपल्याला पटेल अशी थोडी सरळ करून घेतो. त्यात एकमेकांकडून ऐकलेलंही मिसळतं. म्हणून ज्यावर वाद आहे ते ठामपणे सांगू नका, नाहीतर हॉलमधून कोणीतरी दुरुस्ती करतो आणि गोष्टीचा धागा तुटतो. त्या ताईंनी तो वादच भाषणात घेतला, "मुकुट पडला की नाही यावर पाच जणांना फोन केला, तीन विरुद्ध दोन मतांनी मुकुट पडलेला आहे." सगळ्यात मोठा हशा यावर आला, आणि यात जोक म्हणावा असं काहीही नाही हे बघा.

पाचवा फोन दुताला होता. तो म्हणाला, मी विंगेत उभा होतो आणि माझा म अडकला होता. तो बोलताना अडखळायचा, आणि वर्गात बऱ्याच जणांना हे नीट माहीतच नव्हतं कारण तो वर्गात बोलायचाच नाही. बाईंना माहीत होतं. त्यांनी मुद्दाम त्याला चार वाक्यांची भूमिका दिली आणि शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर बसून ती चार वाक्यं दोघं एकदमच म्हणायचे. (अडखळणाऱ्या बऱ्याच जणांना दुसरा कोणी सोबत तेच वाक्य म्हणत असेल तर अडखळणं खूप कमी होतं, हे आज चांगलं माहीत आहे, त्या बाईंनी ते कुठे वाचलं होतं की नुसतं बघून ओळखलं कोण जाणे.) नाटकाच्या दिवशी एंट्रीच्या वेळी विंगेतच त्याचं पहिलं अक्षर अडकलं. बाईंनी ते बघितलं आणि वाक्य मोठ्याने म्हटलं, मुद्दाम, आणि तो गप्पच राहिला तेव्हा परत एकदा म्हटलं, त्या दुसऱ्या वेळी तो त्यांच्या आवाजाच्या आत शिरून बोलला. म्हणजे सगळा वर्ग दोन वर्षं ज्या आवाजाची नक्कल करत होता तो आवाज त्याला हात द्यायला आला होता.

आता इथे घाई करायची नाही. ही गोष्ट त्याची आहे, बोलणाऱ्याची नाही, त्यामुळे आधी त्याची परवानगी. त्याने सांगितलं की सांग, पण काही अटी. मला बिचारा म्हणायचं नाही आणि मी बरा झालो असंही सांगायचं नाही, कारण मी अजून अडतो, फक्त आता फोन उचलायला घाबरत नाही. शिवाय मला उभं करून टाळ्या नकोत. या अटी मला फार मोलाच्या वाटतात, कारण परवानगी म्हणजे नुसतं हो-नाही नसतं, कुठल्या शब्दांत सांगायचं हेही त्यात येतं. बाईही येणार होत्या, त्यांनाही विचारलं.

भाषणाचा मधला भाग शेवटी असा झाला, थोडक्यात देतो:

"बाईंचा आवाज आधी आला. मग राजा उठला. मग दूत बोलला. घात एकदा झाला पण जाहीर दोनदा झाला. पुढे दोन वर्षं आपण सगळ्यांनी बाईंची नक्कल केली, मी पण केली, आणि चांगली करायचे. गेल्या आठवड्यात मी दुताला फोन केला. विचारलं, तू तेव्हा कुठे होतास. तो म्हणाला, विंगेत, म वर अडकलो होतो. बाई आणि तो महिनाभर रोज शाळा सुटल्यावर ते वाक्य एकत्र म्हणत होते. त्या दिवशी बाई मोठ्याने बोलल्या कारण त्याला ऐकू जायला हवं होतं. आपल्याला पण ऐकू गेलं, आपण हसलो."

आणि यानंतर काहीही नाही, अर्थ सांगायचा नाही. त्यांनी मसुद्यात इथे "खरंच, शिक्षक म्हणजे दीपस्तंभ असतात" असं लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं, कारण "आपण हसलो" वर लोकांच्या मनात जे सुरू होतं ते त्या ओळीने बंद पडलं असतं. तिथे मनातल्या मनात तीनपर्यंत मोजून थांबायचं, मग पुढचं वाक्य. आणि पुढचं वाक्य परत हलकं हवं, लोकांना त्या जागी फार वेळ सोडून ठेवायचं नाही. त्यांचं शेवटचं वाक्य होतं, "बाई, आज मी सगळं पाठ करून आलेय, तरी तुम्ही समोरच बसा." हशा, टाळ्या, आणि बाई तिथूनच म्हणाल्या "मोठ्याने बोल, मागे ऐकू येत नाही." ते काही ठरवलेलं नव्हतं.

या मसुद्यात वाक्यं किती छोटी आहेत बघा. "मग राजा उठला." हळवेपणाला विशेषणं लागत नाहीत, क्रियापदं लागतात, कोणी काय केलं एवढंच. "निरागस", "सोनेरी", "अविस्मरणीय" हे शब्द मसुद्यात दिसले की मी सरळ खोडतो. सोनेरी दिवसांबद्दल तर अजून एक सांगायचंय. हॉलमध्ये असे दोन-चार जण नक्की असतात ज्यांची शाळेची वर्षं वाईट गेली, कोणाला चिडवलं जायचं, कोणाच्या घरी काहीतरी चालू होतं, कोणाला मार बसायचा. ते आज मोठ्या मनाने आलेले असतात. तुम्ही "आयुष्यातले सर्वात सुंदर दिवस" म्हणालात की ते तिथल्या तिथे एकटे पडतात. त्याऐवजी प्रसंग सांगा, तो ज्याला जसा होता तसा तो घेईल.

टोपणनावांचंही असंच. नियम सोपा, तो माणूस आज स्वतःहून ते नाव वापरत असेल तरच माइकवर घ्यायचं. शरीरावरून, रंगावरून, मार्कांवरून पडलेलं नाव अजिबात नाही, ग्रुपवर सगळे म्हणत असले तरी नाही. आणि कोण कोणाच्या मागे होतं हे तर पूर्ण टाळा, नवरे-बायका, मुलं समोर बसलेली असतात. चुकीचं काही निघून गेलंय हे ओळखायचं कसं, तर ज्याच्याबद्दल बोललात तो सगळ्यांच्या नंतर हसतो, आणि हसायच्या आधी शेजारच्याकडे बघतो. तसं दिसलं तर तो धागा तिथेच सोडा, समजावत बसू नका.

घरचे लोक आलेले असतील तर सुरुवातीला एकच वाक्य त्यांच्यासाठी ठेवा, "जे त्या दिवशी नव्हते त्यांना सांगते, गॅदरिंगला आमच्या वर्गाचं नाटक होतं आणि विंगेत बाई बसल्या होत्या." एवढ्यावर बाहेरचा माणूसही पूर्ण गोष्ट धरू शकतो.

बॅचमधलं कोणी गेलेलं असेल तर त्यांची आठवण तुमच्या भाषणात कोंबू नका. ते आयोजकांना कार्यक्रमाच्या सुरुवातीला वेगळं करू द्या, नावं दोन जणांकडून तपासून घेऊन, कारण त्या यादीत एक नाव राहिलं तर ते फार लागतं. तुमच्याच प्रसंगात ती व्यक्ती असेल तर तिचं नाव घ्या, तिने काय केलं ते सगळ्यांसारखंच सांगा, हसण्यासारखं असेल तर हसू द्या. "आज तो आपल्यात नाही" हे सगळ्यांना माहीत असतं.

आता तुमच्या आवाजाचं. आवाज जातो तो वाटेल तिथे जात नाही, एका ठरावीक वाक्यावर जातो. भाषण घरी मोठ्याने म्हणा, मनात वाचून ते वाक्य सापडत नाही. सापडलं की कागदावर त्याच्याखाली रेघ मारा आणि ते निम्मं करा, म्हणजे अडीच ओळींचं असेल तर सहा-सात शब्दांचं. लांब वाक्यात मध्येच श्वास संपतो आणि घसा आवळलेला असताना परत श्वास घेणं जमत नाही, छोटं वाक्य एका श्वासात पार होतं. त्या वाक्याच्या आधी थांबून श्वास पूर्ण बाहेर सोडा, पुढचा आपोआप खोल येतो. आणि त्या वाक्याला ज्याच्याबद्दल बोलताय त्याच्याकडे बघू नका, कागदाकडे बघा, नजरेला नजर मिळाली की संपलंच. रोज एकदा असं चार-पाच दिवस म्हटलंत की त्या वाक्याची धार तुमच्यापुरती कमी होते, ऐकणाऱ्यांसाठी ती पहिलीच वेळ असते. तरीही आवाज गेलाच तर गप्प उभे राहा, पाणी प्या, सॉरी म्हणू नका, आणि तेच वाक्य पहिल्यापासून परत म्हणा.

कागद हातात असू द्या, फोन नको, फोनवर नेमका तेव्हाच कॉल येतो आणि स्क्रीनही मध्येच बंद होते. अक्षर मोठं, एका ओळीत एकच वाक्य. आयोजकांना सांगून तुमचं बोलणं जेवणाच्या आधी घ्या, नंतर प्लेट-चमच्यांच्या आवाजात चारशे शब्दही लांब वाटतात. फोन मात्र आजच करायला घ्या, दुसरी बाजू तिकडेच सापडेल आणि परवानगीला वेळ लागतो, कोणी "विचार करून सांगतो" म्हणाला तर त्याला तेवढे दिवस मिळायला हवेत, आणि तो नाही म्हणाला तर तुम्हाला दुसरा प्रसंग शोधायला.